फुटलेले रेणू मोजायचे कसे?

प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन बाटल्या आहेत. एकीत हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देणारं आम्ल. दोन्ही द्रावणांची संहती एकच, लिटरला ०.०१ मोल. प्रत्येकीतून दहा मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा सोडला, तर फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी व्हायला दोन्हीकडे सोडा तेवढाच लागतो. ब्युरेटच्या लेखी दोन्ही आम्लं सारखीच.

आता याच दोन द्रावणांत वाहकता मोजणारा कंडक्टिव्हिटी मीटर बुडवून पाहा. तापमान २५ अंश असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लासाठी आकडा येतो सुमारे ४१२० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. ॲसेटिक आम्लासाठी येतो जेमतेम १६२. पंचवीस पटींचा फरक.

फरकाचं कारण शाळेत शिकवलेलं असतं. पाण्यातून वीज नेण्याचं काम आयन करतात, अख्खे रेणू नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रत्येक रेणू पाण्यात फुटून हायड्रोजन आयन आणि क्लोराइड आयन होतो. ॲसेटिक आम्लाचे बहुतेक रेणू अखंडच राहतात. ब्युरेटला हे दिसत नाही, कारण सोड्याने हायड्रोजन आयन टिपले की उरलेल्या रेणूंपैकी आणखी काही फुटतात, आणि हे शेवटचा रेणू संपेपर्यंत चालतं. ब्युरेट एकूण साठा मोजतो. मीटर या क्षणी किती रेणू फुटलेले आहेत त्याचा सुगावा देतो.

पण सुगावा म्हणजे उत्तर नव्हे. शंभरातले नेमके किती रेणू फुटले? या संख्येला विचरणाचं प्रमाण म्हणतात आणि ती α या अक्षराने लिहितात. मीटरवरच्या १६२ पासून α पर्यंत पोचायला दोन गोष्टी हाताशी लागतात. एक सहज मिळते. दुसरी त्या आम्लावर कितीही प्रयोग केले तरी मिळत नाही. ती दुसऱ्याच तीन पदार्थांकडून आणावी लागते. या विषयातली खरी गंमत तिथे आहे.

पट्ट्या मोजायच्या नाहीत

पहिली गोष्ट म्हणजे सेल कॉन्स्टंट. वाहकता मोजायचा सेल म्हणजे काचेच्या नळीत समोरासमोर बसवलेल्या प्लॅटिनमच्या दोन छोट्या पट्ट्या. त्यांच्यावर बारीक प्लॅटिनमचा काळा थर चढवलेला असतो. पट्ट्यांमधून उलटसुलट, म्हणजे एसी प्रवाह सोडतात, कारण एकाच दिशेचा प्रवाह सोडला तर पट्ट्यांपाशी रासायनिक क्रिया सुरू होऊन द्रावणच बदलू लागतं. ही युक्ती रुळवली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांनी. ब्रिजवर तोल साधला की नाही हे ते टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून ठरवत. आवाज सर्वांत बारीक झाला की तोल साधला.

असा सेल जे मोजतो तो झाला कंडक्टन्स, म्हणजे त्या दोन पट्ट्यांमधल्या द्रावणाची वाहकता. पट्ट्या मोठ्या घेतल्या की कंडक्टन्स वाढतो, एकमेकींपासून लांब नेल्या की घटतो. तो सेलवर अवलंबून असल्याने त्यावरून द्रावणाबद्दल काही बोलता येत नाही. आपल्याला हवी असते विशिष्ट वाहकता, म्हणजे एक सेंटिमीटर अंतरावरच्या, एक चौरस सेंटिमीटरच्या दोन पृष्ठांमध्ये अडकलेल्या द्रावणाची वाहकता. कंडक्टन्सला एका ठरावीक संख्येने गुणलं की ती मिळते. ती संख्या म्हणजे सेल कॉन्स्टंट.

पट्ट्यांमधलं अंतर भागिले पट्टीचं क्षेत्रफळ, असं त्याचं सूत्र पुस्तकात असतं. पण फूटपट्टी घेऊन तो कोणी काढत नाही. प्रवाह काही पट्ट्यांमधल्या चौकोनातूनच सरळ जात नाही. कडांपाशी बाहेर फुगून, वळसा घेऊनही जातो. म्हणून उलटा मार्ग धरतात. ज्याची विशिष्ट वाहकता आधीच नेमकी माहीत आहे असं द्रावण सेलमध्ये भरायचं आणि कंडक्टन्स वाचायचा. हे द्रावण म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं. ०.७४६ ग्रॅम कोरडं मीठ पाण्यात विरघळवून एक लिटर केलं की ०.०१ मोलर द्रावण तयार होतं, आणि २५ अंशांना त्याची विशिष्ट वाहकता असते १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर. मीटरच्या प्रमाणित द्रावणाच्या बाटल्यांवर १४१३ हाच आकडा छापलेला दिसतो, तो इथूनच आलेला.

समजा आपल्या सेलने या द्रावणासाठी १३६० मायक्रोसीमेन्स दाखवले. १४१३ भागिले १३६०, म्हणजे सेल कॉन्स्टंट १.०३९ प्रति सेंटिमीटर. आता सेल धुऊन त्यात ॲसेटिक आम्ल भरलं आणि १५६ मायक्रोसीमेन्स वाचले. १५६ ला १.०३९ ने गुणलं की १६२. सुरुवातीचा आकडा असा हाती येतो.

पुढची पायरी म्हणजे मोलर वाहकता: एक मोल आम्लामागे वाहकता किती. विशिष्ट वाहकता सीमेन्समध्ये घ्यायची, १००० ने गुणायची आणि संहतीने भागायचं. ०.०००१६२ गुणिले १००० भागिले ०.०१, उत्तर १६.२. एकक S cm² mol⁻¹. हे १००० येतं ते लिटरचे घन सेंटिमीटर करण्यापोटी. विद्यार्थ्यांचं उत्तर हजार पटीने चुकतं ते बहुधा इथेच.

शंभर टक्के म्हणजे किती?

१६.२ हा झाला अंश. छेद कुठून आणायचा? सगळेच रेणू फुटले असते तर मोलर वाहकता किती आली असती, ते कळल्याशिवाय टक्केवारी निघणार नाही.

सोडियम क्लोराइडसारख्या पूर्ण फुटणाऱ्या मिठाच्या बाबतीत हा प्रश्न सोपा आहे. ०.०१ मोलर द्रावणात त्याची मोलर वाहकता ११८.५ असते, ०.००१ मोलरला १२३.७. संहतीच्या वर्गमुळासमोर हे आकडे आलेखावर मांडले की विरल द्रावणांसाठी जवळजवळ सरळ रेघ येते. ती शून्य संहतीपर्यंत वाढवली की १२६.५ मिळतात. ही झाली सीमांत मोलर वाहकता: आयन एकमेकांपासून इतके दूर की कोणी कोणाला अडवत नाही.

ॲसेटिक आम्लाची रेघ अशी सरळ येतच नाही. द्रावण जितकं विरल कराल तितके जास्त रेणू फुटतात, आणि शून्याजवळ आलेख जवळजवळ उभा चढतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मॅकइन्स आणि शेडलॉव्स्की यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अतिशय काटेकोर मापनात सर्वांत विरल द्रावण ०.००००२८ मोलर होतं. तिथेही मोलर वाहकता २१० पर्यंतच पोचली. नव्याण्णव टक्के रेणू फुटलेले पाहायचे, तर संहती ०.०००००० २ मोलरच्याही खाली न्यावी लागेल. तिथे आम्लाच्या हायड्रोजन आयनांशी बरोबरी करण्याइतके आयन पाण्याचे स्वतःचेच असतात, आणि नेमकं कोणाला मोजतोय तेच कळेनासं होतं.

मार्ग सापडला तो कोलराउश यांच्याच मिठांच्या मापनांतून, १८७० च्या दशकात. आजचे आकडे घेऊन पाहा. पोटॅशियम क्लोराइडची सीमांत मोलर वाहकता १४९.९, सोडियम क्लोराइडची १२६.५, फरक २३.४. पोटॅशियम नायट्रेटची १४५.०, सोडियम नायट्रेटची १२१.६, फरक पुन्हा २३.४. सोबत क्लोराइड असो की नायट्रेट, सोडियमच्या जागी पोटॅशियम आणल्याने पडणारा फरक तोच. म्हणजे अतिविरल द्रावणात प्रत्येक आयन आपला वाटा स्वतंत्रपणे उचलतो. जोडीदार कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

मग ॲसेटिक आम्लाला हातही न लावता त्याचा छेद काढता येतो. लागणार आहेत हायड्रोजन आयन आणि ॲसिटेट आयन. हायड्रोजन हायड्रोक्लोरिक आम्लात मिळतो, ॲसिटेट सोडियम ॲसिटेटमध्ये. दोन्हींची बेरीज केली तर सोडियम आणि क्लोराइड जास्तीचे येतात, म्हणजे सोडियम क्लोराइड वजा करायचं.

४२६.२ + ९१.० − १२६.५ = ३९०.७

तिन्ही पदार्थ पूर्ण फुटणारे, त्यामुळे तिन्ही आकडे सरळ रेघेवरून बिनधोक मिळालेले. ॲसेटिक आम्लाचे सगळे रेणू फुटले असते तर मोलर वाहकता ३९०.७ आली असती. आली १६.२.

α = १६.२ ÷ ३९०.७ = ०.०४१५

शंभरात चारच रेणू फुटलेले, शहाण्णव अखंड.

या ३९०.७ मध्ये एकट्या हायड्रोजन आयनाचा वाटा ३४९.८ आहे आणि ॲसिटेटचा फक्त ४०.९. सोडियमसुद्धा ५०.१ वरच थांबतो. हायड्रोजन एवढा पुढे का? कारण त्याला पाण्यातून वाट काढत जावं लागत नाही. गच्च भरलेल्या बाकावर एका टोकाला एक जण टेकला की सगळे थोडे सरकतात आणि दुसऱ्या टोकाचा उठतो. इकडचा माणूस तिकडे गेलेलाच नसतो. हायड्रोजन आयनही असाच एका पाण्याच्या रेणूला चिकटतो, तो रेणू स्वतःचा एक हायड्रोजन पुढच्याकडे ढकलतो, आणि विद्युतभार पार पोचतो. या पद्धतीला त्याचा मोठाच फायदा होतो: फुटलेले रेणू थोडेसेच असले तरी मीटरवर ठळक उमटतात.

उत्तर खरं कशावरून?

वाहकतेच्या या गुणोत्तरातून रेणूंची मोजणी होते हा दावा स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांचा. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधाला कमी श्रेणी मिळाली होती; १९०३ मध्ये त्यांना त्याच सिद्धांतासाठी नोबेल मिळालं. पण तो दावा तपासता कसा येईल? रेणू काही कोणी उघड्या डोळ्यांनी मोजत नाही.

तपासणीचा मार्ग विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये दिला. फुटणारे आणि परत जुळणारे रेणू यांच्यात समतोल असेल, तर त्या समतोलाचा एक स्थिरांक असला पाहिजे, आणि द्रावण कितीही विरल केलं तरी तो बदलता कामा नये. संहती c असेल तर तो असा लिहितात:

K = cα² ÷ (१ − α)

आपल्या द्रावणासाठी हे होतं ०.०१ गुणिले ०.०४१५ चा वर्ग, भागिले ०.९५८५. उत्तर १.८० × १०⁻⁵. एकटा आकडा काही सिद्ध करत नाही. म्हणून मॅकइन्स आणि शेडलॉव्स्की यांच्या मापनांतली पाच द्रावणं घेऊन तेच गणित पुन्हा केलं. खालच्या तक्त्यात मोलर वाहकता त्यांची आहे; पुढचे दोन रकाने ३९०.७ हा छेद धरून काढले आहेत.

| संहती (मोलर) | मोलर वाहकता | फुटलेले रेणू | K × १०⁵ |
|---|---|---|---|
| ०.१ | ५.२० | १.३ टक्के | १.८० |
| ०.००९८४ | १६.३७ | ४.२ टक्के | १.८० |
| ०.००१०२८ | ४८.१५ | १२.३ टक्के | १.७८ |
| ०.०००१११ | १२७.७५ | ३२.७ टक्के | १.७७ |
| ०.००००२८ | २१०.३८ | ५३.८ टक्के | १.७६ |

संहती साडेतीन हजार पटींनी उतरली, फुटलेल्या रेणूंचं प्रमाण शंभरातल्या एकावरून निम्म्याच्या वर गेलं, आणि K हलला जेमतेम दोन टक्के. α ची मोजणी चुकीची असती तर हे जुळलं नसतं. तक्त्यातली मधली ओळ बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्यांना ओळखीची वाटेल. एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणात ॲसेटिक आम्लाची संहती हीच, ०.००१०२८ आहे. इतका अडनिडा आकडा कोणी मनाने लिहीत नाही.

ते दोन टक्केही उगाच नाहीत. आयन कमी असले तरी एकमेकांना किंचित ओढून धरतात, त्यामुळे त्यांचा वेग थोडा घटतो आणि परत जुळण्याची प्रवृत्तीही बदलते. या दोन दुरुस्त्या विरुद्ध दिशांना खेचतात. दोन्ही केल्या की K १.७५ × १०⁻⁵ वर येऊन बसतो, आणि हाच आकडा आज संदर्भग्रंथांत सापडतो.

आकडा बिघडतो तो इथे

कॉलेजच्या प्रयोगात K १.८ ऐवजी २.१ आला, तर संशय आधी धुण्यावर घ्यावा. सेल कॉन्स्टंट काढताना सेलमध्ये होतं १४१३ चं पोटॅशियम क्लोराइड, आणि त्यानंतर भरायचं आहे १६२ चं आम्ल. सेल नीट न धुता पहिल्या द्रावणाचा शंभरावा हिस्सा मागे राहिला, तर तो १४ मायक्रोसीमेन्सची भर घालतो. १६२ चे १७६ होतात, α साडेचार टक्क्यांवर जातो, आणि सूत्रात α चा वर्ग असल्यामुळे K पोचतो २.१ वर. एका थेंबाने अठरा टक्क्यांची चूक. उपाय साधा आहे: डिस्टिल्ड वॉटरने धुवत राहायचं आणि त्या पाण्याचंच रीडिंग पाहायचं, ते खाली येऊन स्थिरावलं की सेल स्वच्छ झाला. मग थोड्या आम्लाने एकदा विसळून मगच आम्ल भरायचं.

दुसरा घोटाळा तापमानाचा. १४१३ हा आकडा फक्त २५ अंशांचा आहे. दर अंशामागे तो सुमारे दोन टक्के वाढतो. मे महिन्यात विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत द्रावण सहज ३२ अंशांवर असतं. तिथे १४१३ धरून सेल कॉन्स्टंट काढला तर तो बारा टक्क्यांच्या आसपास कमी येतो. गंमत अशी की त्याच उष्ण खोलीत आम्लाचं रीडिंगही वाढलेलं असतं, त्यामुळे दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी झाकतात, K बरा येतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ओळखायची खूण एकच. सेल कॉन्स्टंट ही काच आणि प्लॅटिनमची भूमिती आहे. ऋतू बदलला म्हणून ती बदलत नाही. जानेवारीतला आणि मेमधला सेल कॉन्स्टंट वेगळा आला, तर सेल नाही, तापमान चुकलंय. पट्ट्यांवरचा काळा थर खरवडला गेला असेल किंवा सेल कोरडा पडला असेल, तर मात्र तो खरोखरच बदलू शकतो. म्हणून वापर नसताना सेल पाण्यात बुडवून ठेवतात.

तिसरी अडचण पाण्याची. हवेत उघडं राहिलेलं डिस्टिल्ड वॉटर कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि स्वतःच एखादा मायक्रोसीमेन्स वाहकता दाखवतं. १६२ मध्ये एकाने फारसं बिघडत नाही. पण ०.००००२८ मोलरच्या द्रावणाची विशिष्ट वाहकता मुळात सहाच्या आत असते, तिथे हाच एक डोईजड होतो. तो सरळ वजाही करता येत नाही, कारण आम्ल घातल्यावर त्यातल्या हायड्रोजन आयनांमुळे कार्बन डायऑक्साइडचं फुटणं दबतं आणि पाण्याचा वाटा आधीइतका राहत नाही. फार विरल द्रावणांच्या नादी न लागता ०.००१ ते ०.०१ मोलरच्या टप्प्यात काम करणं शहाणपणाचं, ते यामुळे.

हीच कसोटी हायड्रोक्लोरिक आम्लाला लावली तर?

शेवटी दुसऱ्या बाटलीकडे वळू. हायड्रोक्लोरिक आम्लाची मोलर वाहकता ०.१ मोलरला ३९१.१ आहे आणि सीमांत मूल्य ४२६.२. भागाकार ०.९२. मग याचे बाण्णव टक्केच रेणू फुटले असं म्हणायचं का? अर्‍हेनियस यांची समजूत तशीच होती.

ओस्टवाल्ड यांचंच सूत्र लावून पाहू. ०.१ मोलरला K येतो सुमारे १. ०.०१ मोलरला मोलर वाहकता ४११.८, तिथे K ०.२८. ०.००१ मोलरला ४२१.२, तिथे K ०.०८. संहती शंभरपट उतरली तर स्थिरांक बारापट घसरला, म्हणजे तो स्थिरांक नव्हेच. रेणू अखंड राहिल्यामुळे वाहकता कमी झालेली नाही. सगळे फुटलेले आहेत, पण आयनांची गर्दी झाल्याने ते एकमेकांना मागे खेचतात. हे गणितात बसवलं पीटर डेबाय आणि एरिक ह्यूकेल यांनी १९२३ मध्ये, आणि लार्स ऑनसागर यांनी पुढे ते पूर्णत्वाला नेलं.

मोलर वाहकता कमी दिसण्याची कारणं दोन: आयन थोडे असतात किंवा आयन मंदावलेले असतात. भागाकाराला दोन्ही सारखीच. सौम्य आम्लात पहिलं कारण इतकं मोठं असतं की दुसरं दुर्लक्षिलं तरी चालतं. तीव्र आम्लात दुसरंच काय ते असतं. म्हणून एखादं अनोळखी आम्ल हाती आलं आणि α काढला, की तो वहीत लिहिण्याआधी त्याच आम्लाचं दहापट विरल द्रावण करून पुन्हा मोजावं. दोन्ही वेळा K तोच आला तर α ही खरोखर रेणूंची मोजणी आहे. नाही आला, तर तो नुसता भागाकार आहे.